निशाणापर्यंतचे अंतर आणि हातातला क्लब

रेंजफाइंडर यार्डभराच्या अचूकतेने अंतर सांगतो, म्हणून खेळाडू तोच आकडा उत्तर समजून क्लब उचलतात. माझा आक्षेप यंत्रावर नाही, प्रश्नावर आहे. यंत्र निशाणापर्यंतचे अंतर सांगते. क्लब मात्र दुसऱ्याच गोष्टीवर ठरतो: चेंडू निदान किती उडायला हवा आणि जास्तीत जास्त किती उडाला तर चालेल. हे दोन आकडे यार्डेज बुकात असतात.

पुण्यात बावधनच्या डोंगरातल्या ऑक्सफर्ड मैदानासारख्या उताराच्या जागी समजा निशाण 152 यार्डांवर आहे. बुक सांगते, समोरचे पाणी ओलांडायला 141 आणि ग्रीनची मागची कड 163. ग्रीन 10 यार्ड खाली आहे. मधल्या आयर्नचा चेंडू तिरका उतरतो, म्हणून साधारण 9 वजा. समोरून ताशी 16 किलोमीटर वारा आहे. समोरच्या वाऱ्याला ताशी दीड किलोमीटरमागे सुमारे एक टक्का, म्हणजे 15 मिळवायचे. (हाच वारा पाठीमागून असता तर लाभ जेमतेम निम्मा, दोन्हीकडे सारखाच हिशेब लावणे ही नेहमीची चूक.) आता पाणी 147, निशाण 158, मागची कड 169. ज्याचा सात नंबर 145, सहा 155 आणि पाच 165 यार्ड उडतो, तो निशाणाजवळचा म्हणून सहा काढेल. पण सहा नंबरचा फटका पाच टक्के कमी बसला तर चेंडू 147 यार्ड, म्हणजे थेट पाण्याच्या काठावर. पाच नंबर तसाच कमी बसला तरी 157 यार्ड, निशाणाच्या बाजूलाच. आणि चोख बसला तरी मागच्या कडेच्या आत. म्हणून पाच नंबर. समुद्रसपाटीवरच्या चेंबूरहून पुण्याच्या 560 मीटर उंचीवर आलेला खेळाडू विरळ हवेची फार चर्चा करतो. तिचा फरक इथे जेमतेम तीन यार्ड.

कोणी म्हणेल, उताराचा हिशेब यंत्रच करते. करते, पण नियम 4.3 नुसार स्पर्धेत ती सोय बंद ठेवावी लागते, आणि वारा तर लेझर स्वतः मोजत नाही. वाऱ्याचा वेग उपकरणाने मोजणेही नियमात बसत नाही. गवताच्या काड्या उडवा आणि ग्रीनमागच्या झाडांचे शेंडे बघा, कारण टीवरचा आडोसा फसवतो. शिवाय लेझर कधी निशाणामागचे झाड पकडतो. वाचन बुकातल्या मागच्या कडेच्याही पुढे गेले तर ते पुन्हा घ्यायचे.

अनुभवी कॅडी डोळ्यांनीच क्लब सांगतो, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण तो सांगतो ते खेळाडूचे कमी बसलेले फटके पाहून. तीच माहिती वर पाच टक्क्यांच्या रूपाने आली आहे. ज्याला स्वतःच्या प्रत्येक क्लबचे सर्वसाधारण उड्डाण ठाऊक नाही आणि फक्त सर्वात लांब गेलेला फटका आठवतो, त्याला बुकही मदत करू शकत नाही.