खालचा हात

सोलापुरात आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर बूट-चपला शिवणारे एक काका बसत. माझ्या बुटाचा तळ उसवला की आई मला त्यांच्याकडे पाठवायची. बूट शिवून होईपर्यंत एका पायावर उभं राहायचं. त्यांचा एक हात बुटाच्या आत गेलेला असे. दुसऱ्या हातात लाकडी मुठीची, टोकाला खाच असलेली आरी. ती बाहेरून आत खुपसायची, आतल्या हाताने खाचेत दोरा अडकवायचा, वर ओढायचा. मला दिसायची ती फक्त आरी. आतला हात काय करतो ते कधीच दिसलं नाही, आणि त्याबद्दल कुतूहलही वाटलं नाही.

पुढे पस्तीसाव्या वर्षी ब्लाउजवरचं आरीकाम शिकायला गेले, तेव्हा अक्कांनी माझ्या हातात जे हत्यार ठेवलं ते तेच होतं. फक्त बारीक. मोच्यांची कातड्यावर चालणारी आरी कापडावर आली आणि कच्छमध्ये तिचं भरतकाम झालं. त्याला आजही मोची भरत म्हणतात. आपल्याकडे लग्नाच्या ब्लाउजवर ते आलं ते मात्र तेलुगू वाटेने. अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या, पद्मशाली विणकरांच्या घरातल्या. त्या या कामाला मग्गम म्हणत. मग्गम म्हणजे माग. सुईवरून नव्हे, तर ज्या चौकटीवर कापड ताणतात तिच्यावरून हे नाव पडलेलं. याचा अर्थ कळायला मला एक ब्लाउज वाया घालवावा लागला.

आमची चौकट म्हणजे खाटच. दोन लांब दांडे, त्यांना खिळ्यांनी ठोकलेली जाड सुती पट्टी, आणि दोन आडव्या भोकांच्या फळ्या. ब्लाउजपीसच्या दोन्ही कडा पट्ट्यांना धावदोऱ्याने टाचायच्या, दांडे फिरवून कापड गुंडाळायचं, मग फळ्या अडकवून दांडे एकमेकांपासून ओढायचे आणि भोकात खिळा घालून ताण धरायचा. उरलेल्या दोन बाजू सुतळीने फळ्यांना आवळायच्या, खाटेची दावण आवळतात तशा. नंतर बोटाने टिचकी मारायची. डफासारखा आवाज आला तर ठीक, फडफडलं तर पुन्हा आवळा. रात्री आवळलेलं कापड सकाळी सैल पडतंच, त्यामुळे बसताना रोज एकदा टिचकी.

पहिला ब्लाउज नणंदेचा. मोतिया रेशमावर गुलाबी दोऱ्याची वेल. दुकानदाराने तो पीस कात्रीने जरा तिरका कापला होता, आणि मी ती कापलेली कडच सरळ मानून दांड्याला टाचली. खाटेवर सगळं सुरेख दिसत होतं. मागचा गळा अगदी गोल. बारा दिवस काम केलं, खाटेवरून उतरवलं, आणि समोर धरलं तर गळा डावीकडे कलंडलेला. एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर खाली. मला वाटलं इस्त्रीने सरळ होईल. इस्त्रीने तो छान सपाट झाला, पण वाकडाच.

अक्कांनी ब्लाउज हातातही घेतला नाही. म्हणाल्या, "कापड तू मोडून बसवलंस, पोरी. सुटल्यावर ते आपल्या जागी गेलं. त्याचं काय चुकलं?" विणलेल्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांना काटकोनात असतात. तिरपी कड दांड्याला लावली की तो काटकोन मोडतो, आणि कापड आवळून धरलेलं असेपर्यंत ते कळतच नाही. तेव्हापासून मी आधी कडेचा एक दोरा ओढून काढते. तो निघतो त्या रेघेवर कापड सरळ कापते. मग मागच्या गळ्याच्या मध्यावर एक उभा आणि एक आडवा धावदोरा, कापडाच्याच दोऱ्याच्या रेघेने, अधिक चिन्हासारखा घालते. खाट आवळून झाली की त्या अधिक चिन्हाला गुण्या लावून बघते. काटकोन हलला असेल तर उतरवायचं. अर्धा तास जातो, बारा दिवस वाचतात.

भाचीच्या लग्नाच्या वेळी तिच्या पैठणीचा ब्लाउज मीच भरायचं ठरलं. मावशीने भरायचा म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. मागचा गळा तिला खोल हवा होता: सात इंच रुंद, आठ इंच खोल, तळाशी पूर्ण गोल. कडेने एकेक इंच उंचीच्या कोयऱ्या. गळ्यापासून दोन सूत जागा सोडून कोयरीचा पाय, म्हणजे शिवताना यंत्राच्या पायाखाली मणी येऊन फुटणार नाहीत.

आता या गळ्यात कोयऱ्या किती बसतील? बाजूचा सरळ भाग साडेचार-साडेचार इंच, तळाचं अर्धवर्तुळ अकरा. एकूण 20 इंच. सव्वा इंचाला एक धरली तर 16. मी वहीत 16 लिहिलंही. मग दोन चुका लक्षात आल्या. सम संख्या घेतली की दोन्ही खांद्यांकडून सारख्या आलेल्या कोयऱ्यांच्या मध्ये, गळ्याच्या ऐन तळाशी, मोकळी जागा पडते, आणि पाठीवर माणसाची नजर नेमकी तिथेच जाते. तिथे एक कोयरी हवी, म्हणून संख्या विषम हवी. दुसरी चूक मापाची. कोयऱ्या गळ्याच्या कडेवर बसत नाहीत, त्यांचा मध्य कडेपासून पाऊण इंच बाहेर असतो. त्या रेघेवर दोरा ठेवून मोजलं तर 20 नव्हे, सव्वाबावीस इंचांच्या किंचित वर निघाले. 15 कोयऱ्या घेतल्या तर मध्यापासून मध्यापर्यंत दीड इंचाला केसभर कमी. खांद्याच्या शिवणीशी अर्धं अंतर सोडलं, कारण उरलेलं अर्धं समोरच्या भागावरून येऊन जुळतं. वळणावर कोयऱ्यांचे पाय जवळ येतात आणि डोकी पंख्यासारखी फाकतात. ते फाकणं आवडलं नाही तर मधे एकेक टिकली ठेवावी. मी ठेवली.

आराखडा अर्ध्याच गळ्याचा बटर पेपरवर काढला, मध्यावर दुमडून दोन्ही थर एकदम सुईने टोचले, म्हणजे डावं-उजवं एकसारखं. उघडून कापडावर ठेवला आणि रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड बोळ्याने वरून पुसली. भोकांतून ठिपके उतरतात, रॉकेल उडून जातं. कापड अजून कापलेलं नसतं, हे नवख्यांना विचित्र वाटतं. कापायचं शेवटी. दाट भरलेलं काम कापड आत ओढतं, त्यामुळे काम झाल्यावर ब्लाउजचा कागदी साचा पुन्हा ठेवून नवी रेघ मारायची आणि मगच कात्री लावायची. भाचीच्या वेळी एका बाजूला एक सूत ओढलं गेलं होतं. जुन्या रेघेवर कापलं असतं तर गेलंच होतं.

आणि आता टाका. साखळी टाका दिसायला सोपा. आरी वरून खाली जाते, खालचा हात तिच्या खाचेत दोरा गुंडाळतो, आरी अर्धी फिरवून, पाठीच्या बाजूला किंचित रेलून वर काढायची. रेलली नाही तर खाच कापडात अडकून रेशीम ओढते. मुठीवरचा छोटा स्क्रू खाचेच्याच बाजूला असतो, म्हणून खाच दिसत नसली तरी तिचं तोंड कुठे आहे ते कळतं. मग आधीच्या कडीच्या आतून पुढचं भोक. गळ्याच्या कडेने एक ओळ घालायची तर सेंटिमीटरला चार टाके, म्हणजे एका फेरीत दोनशेच्या वर. त्यातला एक लांब झाला तरी चालतो. पाच लांब, पाच आखूड झाले की ओळ अडखळत चालल्यासारखी दिसते.

मी सुरुवातीला सगळा दोष उजव्या हाताला देत होते. पट्टीने ठिपके मारले, ठिपक्यावर नेमकी आरी टोचली, तरी टाके असमान. अक्कांनी माझ्या खाटेखाली वाकून पाहिलं आणि डावं मनगट धरलं. "वरची सुई बरोबर आहे. खालचा हात झोपलाय." दोरा कधी घट्ट, कधी सैल धरला जात होता. घट्ट असताना कडी बारीक होऊन आत रुते आणि टाका आखूड दिसे. सैल असताना कडी फुगे, लांब दिसे आणि बांगडीत अडके. भोकं मात्र एकसारख्या अंतरावर होती. बुटाच्या आत गेलेला काकांचा हात मला तेव्हा आठवला.

उपाय म्हणून अक्कांनी सुती कापडावर फक्त सरळ ओळी घालायला लावल्या, वर न बघता, खालच्या बोटांत दोरा सरकतो तो जाणवेपर्यंत. दोरा तर्जनीवरून घेऊन अंगठ्याने हलका दाबायचा, प्रत्येक टाक्याला तेवढाच. तीन आठवडे लागले. मग वळणाची गंमत. कोयरीच्या शेपटाशी तोच टाका ठेवला तर गोलाई कोनाकोनाची होते. तिथे सेंटिमीटरला सहा-सात टाके घालावे लागतात. ते लहान करणं एका टाक्यात करायचं नाही, वळणाआधी तीन-चार टाक्यांपासून हळूहळू आखूड करत जायचं आणि वळण संपल्यावर तसंच लांबवत न्यायचं. असं केलं की नजरेला सगळे टाके सारखेच वाटतात. मापायला गेलं तर ते सारखे नसतात.

माझ्या खालच्या हाताची परीक्षा आजही उलट्या बाजूने होते. साखळीची उलटी बाजू म्हणजे एकामागे एक रेघा. वरून जर, मणी, टिकल्या पुष्कळ झाकतात, खाली काहीच झाकलं जात नाही. रेघा सारख्या, कापड सुरकुतलेलं नाही, गाठी दडपलेल्या असतील तर हात बरा. कुठेही ब्लाउज भरायला दिला असेल, तर शिंप्याने अस्तर लावण्याआधी तो एकदा मागवून उलटा करून पाहा. अस्तर लागल्यावर उपयोग नाही.