पोत्यावरची खालची ओळ

गोठ्यात चारच जनावरं असली तरी गोळी पेंडेचं पोतं मी मागची बाजू वाचल्याशिवाय गाडीत टाकत नाही. पुढच्या बाजूला गाय आणि मोठ्या अक्षरातला प्रथिनांचा आकडा असतो. मानकाप्रमाणे पहिल्या प्रकारच्या पशुखाद्यात किमान २२ टक्के आणि दुसऱ्या प्रकारात किमान २० टक्के प्रथिनं हवीत. पण प्रयोगशाळा प्रथिनं मोजत नाही. ती नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. नत्र शेंगदाणा पेंडेतून आलं की युरियातून, हे त्या आकड्यात कळत नाही.

समजा, २२ टक्क्यांचं ५० किलोचं पोतं १६५० रुपयांना आहे आणि २० टक्क्यांचं १५५० ला. पहिल्यात ११ किलो प्रथिनं, म्हणजे किलोला दीडशे रुपये, दुसऱ्यात १५५. पहिलं स्वस्त वाटतं. पण त्यात एक टक्का युरिया असेल, तर तो अर्धा किलो युरियाच जवळपास १.४ किलो ‘प्रथिनं’ दाखवतो. उरलेल्या ९.६ किलोचा भाव १७२ रुपयांवर जातो. एवढा युरिया मोठ्या जनावराला सहसा बाधत नाही. पोटातले जिवाणू तो वापरतात, पण त्यासाठी सोबत मका-भरड्यासारखं पिठूळ खाद्य लागतं. लहान वासरांना मात्र असं खाद्य घालूच नये. आणि युरियाला पेंडेचा भाव मी का द्यावा?

शंका आली तर मी दोन बाटल्यांत कच्च्या सोयाबीनचं पीठ आणि कोमट पाणी घेतो. भाजलेलं पीठ चालत नाही. एकीत मूठभर पेंड टाकतो, झाकणं लावून अर्धा तास ठेवतो. पेंडेच्या बाटलीतूनच नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर युरिया आहे. किती आहे, हे मात्र वासावरून सांगता येत नाही.

पोत्याच्या मागच्या बाजूला खाली ‘आम्लात न विरघळणारी राख’ लिहिलेली असते. ती म्हणजे माती आणि वाळू. तिथे आकडा जितका कमी तितकं बरं. ती जास्त असेल, तर पेंड ग्लासभर पाण्यात विरघळवली की तळाला बोटांना कच लागते.

खनिज मिश्रणाच्या पिशवीवर मी आधी स्फुरदाची ओळ बघतो. कॅल्शियम चुनखडीच्या भुकटीतूनही भरता येतं आणि ती स्वस्त असते. स्फुरदासाठी महाग डायकॅल्शियम फॉस्फेट घालावं लागतं, म्हणून कंजुषी तिथेच होते. १२ टक्के स्फुरदाच्या मिश्रणाचे ५० ग्रॅम दिले की ६ ग्रॅम स्फुरद पोटात जातं. ३ टक्क्यांचं असेल तर दीडच ग्रॅम. नुसत्या कडब्यावरची गाय दोरी, चिंध्या, हाडं चघळू लागली, की मला या ओळीची आठवण होते. अशा वेळी जंतांचं औषध दिलंय का, हेही तपासतो, कारण स्फुरद कमी पडलं काय नि जंत झाले काय, गाय सारखीच वागते. पिशवीवर स्फुरदाचा आकडाच नसेल, तर भाव विचारायचीही मला गरज वाटत नाही.