आधी सांग, काय बदलत नाही

आठवीच्या मुलांपुढे ‘१२ मजूर एक काम १० दिवसांत करतात, तर १५ मजूर किती दिवसांत करतील?’ हे उदाहरण ठेवा आणि उत्तराकडे न बघता कच्च्या कामाच्या कोपऱ्याकडे बघा. तिथे बहुतेक वेळा दोन आकडेमोडी सापडतात. एक १५ × १० ÷ १२, तिचं उत्तर साडेबारा. दुसरी १२ × १० ÷ १५, तिचं उत्तर आठ. साडेबारावर काट आणि आठ पक्क्या वहीत. उत्तर बरोबर, पूर्ण गुण. समचलन की व्यस्त चलन हा विचार मात्र त्या मुलानं केलेलाच नाही. ‘पुस्तकातलं उत्तर सहसा अपूर्णांकात येत नाही’ एवढ्या एका अनुभवावर त्याचं काम भागलं.

म्हणून चलनाची सरावपत्रिका तयार करायला बसले की माझा निम्मा वेळ आकडे निवडण्यात जातो. चुकीच्या वाटेनं गेलं तरी पूर्ण संख्याच आली पाहिजे. एस.टी. ताशी ४० किलोमीटर वेगानं गेली तर ६ तास लागतात, ताशी ६० नं गेली तर किती? व्यस्त चलनानं ४ तास, आणि समचलन समजून सोडवलं तर ९ तास. दोन्ही उत्तरं सारखीच गुळगुळीत. आता मुलाला आकड्यांकडून मदत मिळत नाही, गाडीकडेच बघावं लागतं. जोरात गेलेली गाडी तीन तास उशिरा कशी पोचेल, हा प्रश्न त्याला स्वतःलाच पडतो.

या वेळची पत्रिका मी एका मुलीसाठी केली होती. आकडेमोडीत चटपटीत, पण शाब्दिक उदाहरण आलं की ‘बाई, हे सम आहे का व्यस्त, तेवढं सांगा, पुढचं मी करते’ म्हणणारी. सातवीत समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण शिकून झालेलं असतं, आठवीत ‘चलन’ येतं, त्यात ∝ हे चिन्ह आणि चलनाचा स्थिरांक k येतो. ‘एक वाढलं की दुसरं वाढतं ते सम, एक वाढलं की दुसरं कमी होतं ते व्यस्त’ हे तिला तोंडपाठ होतं. अडचण नेमकी या वाक्यातच आहे. ते अर्धंच खरं आहे, आणि पुस्तकातल्या बहुतेक उदाहरणांत त्या अर्ध्यावर निभावून जातं.

त्यामुळे पत्रिकेच्या पहिल्या पानावर मी सोडवायला काहीच दिलं नाही, फक्त कोष्टकं दिली. त्यातलं एक वीजबिलाचं होतं. खरं बिल टप्प्याटप्प्यानं चढतं, पण कागदावर मी सोपं ठेवलं: स्थिर आकार १०० रुपये आणि युनिटला ५ रुपये. ५० युनिटला ३५० रुपये, १०० युनिटला ६००. युनिट वाढले, बिलही वाढलं, तरीही हे समचलन नाही. ३५० ÷ ५० म्हणजे ७, आणि ६०० ÷ १०० म्हणजे ६. गुणोत्तर टिकलं नाही. युनिट दुप्पट झाले पण बिल दुप्पट झालं नाही, कारण ते १०० रुपये वापर कितीही असला तरी तेवढेच राहतात.

दुसरं कोष्टक जरा खोडसाळ होतं. तीच एस.टी., ताशी ६० नं निघालेली, एकूण अंतर २४० किलोमीटर. किती तास झाले आणि किती अंतर उरलं? एका तासानं १८०, दोन तासांनी १२०, तीन तासांनी ६०. तास वाढतात तसं उरलेलं अंतर घटतं, म्हणून तिनं ‘व्यस्त’ लिहिलं. मी म्हटलं, गुणाकार करून बघ. तिनं पहिली आणि शेवटची जोडी घेतली: १ × १८० = १८०, ३ × ६० = १८०. ‘आलं की, बाई!’ मधली जोडी घे म्हटल्यावर २ × १२० = २४०. ती थांबली, पुन्हा गुणलं, पुन्हा २४०च आले.

हा योगायोग मी मुद्दाम ठेवलेला असतो. दोन जोड्यांचा गुणाकार जुळला म्हणजे व्यस्त चलन झालं असं नाही, तिसरी जोडीही जुळायला हवी. इथे दर तासाला अंतर ६० नं कमी होतं, म्हणजे ही वजाबाकीची गोष्ट आहे. व्यस्त चलनात तास दुप्पट झाले तर अंतर निम्मं व्हायला हवं होतं. ते १८० वरून ९० न होता १२० झालं. ‘दुप्पट केलं तर काय होतं?’ ही चाचणी कोष्टक नसतानाही करता येते, आणि ‘वाढतं की घटतं’पेक्षा तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे.

दुसऱ्या पानापासून शाब्दिक उदाहरणं सुरू होतात. प्रत्येक उदाहरणाखाली मी चार रिकाम्या ओळी आखते. पहिल्या ओळीत बदलणाऱ्या दोन राशी, एककांसह. दुसरीत एक वाक्य: ‘या उदाहरणात ... बदलत नाही.’ तिसरीत समीकरण आणि उत्तर, चौथीत पडताळा. यातली दुसरी ओळ भरल्याशिवाय तिसरीला हात लावायचा नाही, एवढाच नियम. तिरकस गुणाकार कुठल्या बाजूनं मारायचा हा प्रश्न मग उरतच नाही. बदलणाऱ्या दोन राशींचा गुणाकार केला की ती न बदलणारी गोष्ट मिळत असेल तर व्यस्त, भागाकारानं मिळत असेल तर सम. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर, आणि गाव काही हललेलं नाही. वह्यांची किंमत भागिले वह्या म्हणजे एका वहीचा भाव, तो दुकानदारानं बदललेला नाही.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त त्रैराशिकानंतर व्यस्त त्रैराशिक दिलं, तेव्हा ते कुठे वापरायचं हेही सांगितलं. धान्याची रास वेगळ्या मापानं मोजताना, सोन्याचा कस आणि वजन यांत, आणि प्राण्यांचं वय आणि किंमत यांत. राशीचं उदाहरण मी पत्रिकेत घेते: ७ आढकांच्या मापानं १०० मापं भरली, तर ५ आढकांच्या मापानं किती? रास तीच, ७ × १०० = ७०० आढक, म्हणून ७०० ÷ ५ = १४० मापं. वय आणि किमतीचं मात्र घेत नाही. बैलाचं वय दुप्पट झालं की किंमत बरोबर निम्मी होते, असं बाजारात कुणी मानत नाही. तो हिशेबापुरता धरलेला संकेत आहे, आणि दुसऱ्या ओळीत लिहायला तिथे काही सापडत नाही.

पत्रिकेतलं सगळ्यात जड उदाहरण वसतिगृहाचं. ६० मुलांना २४ दिवस पुरेल एवढं धान्य आहे. ६ दिवसांनी आणखी १२ मुलं आली. उरलेलं धान्य किती दिवस पुरेल?

तिनं पहिली ओळ लिहिली: मुलं, दिवस. दुसऱ्या ओळीत ‘धान्य बदलत नाही.’ मग ६० × २४ = १४४०. मी विचारलं, १४४० काय? किलो? ‘नाही... मुलं गुणिले दिवस.’ म्हणजे काय? तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘डबे. एका मुलाचा एका दिवसाचा एक डबा.’ उत्तम. कोठारात १४४० डबे आहेत. पुढे तिनं १४४० ÷ ७२ = २० केलं, त्यातून झालेले ६ दिवस वजा केले आणि १४ दिवस लिहिले.

हे १४ फार फसवं उत्तर आहे. पूर्ण संख्या, १८ पेक्षा कमी, मुलं वाढल्यावर दिवस घटायला हवेत ते घटलेही आहेत. दिशेच्या चाचणीत ते सुखरूप पार होतं. त्याला पकडायला चौथी ओळच लागते, आणि पडताळा डब्यांतच करावा लागतो. पहिले ६ दिवस ६० मुलं जेवली: ३६० डबे. पुढचे १४ दिवस ७२ मुलं: १००८ डबे. एकूण १३६८. १४४० मधून ७२ डबे शिल्लक राहिले, म्हणजे सगळ्यांचं आणखी एक दिवसाचं जेवण. ते कुठून आलं? १४४० ला ७२ नं भागताना तिनं नवी १२ मुलं पहिल्या दिवसापासूनच जेवायला बसवली होती. त्यांचे न खाल्लेले १२ × ६ = ७२ डबे तसेच राहिले.

मग तिनं खोडून पुन्हा मांडलं:

६ दिवसांत संपलेले डबे = ६० × ६ = ३६०
उरलेले डबे = १४४० − ३६० = १०८०
आता मुलं = ६० + १२ = ७२
दिवस = १०८० ÷ ७२ = १५

पडताळा: ३६० + ७२ × १५ = ३६० + १०८० = १४४०. आणि ‘धान्य बदलत नाही’ हे दुसऱ्या ओळीतलं वाक्य खोडून तिनं लिहिलं, ‘सहाव्या दिवशी रात्री उरलेले डबे बदलत नाहीत.’ स्थिरांक कधीपासून स्थिर आहे, हेही लिहावं लागतं. k = १४४० आणि k = १०८० या दोन वेगळ्या वेळच्या गोष्टी आहेत, आणि नुसतं k लिहिणाऱ्याला तो फरक दिसत नाही.

या रीतीला वेळ लागतो, हे खरं. परीक्षेत चार ओळी लिहायला कुणी बसणार नाही, आणि एकमान पद्धतीनंही हेच उत्तर येतं. घरी सरावात दहाबारा उदाहरणं अशी झाली की पुढे दुसरी ओळ मनातल्या मनात झाली तरी माझी हरकत नसते.

शेवटचं उदाहरण विहिरीचं. ६ मजूर विहिरीतला गाळ १२ दिवसांत काढतात, तर ९ मजूर किती दिवसांत काढतील? ६ × १२ = ७२ हजेऱ्या, ७२ ÷ ९ = ८ दिवस. याला जोडून विचारलं होतं: ७२ मजूर लावले तर? तिनं ‘१ दिवस’ लिहिलं, पेन उचललं आणि म्हणाली, ‘पण बाई, ७२ माणसं विहिरीत उतरणार कशी?’ सगळे मजूर सारख्या गतीनं काम करतात आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत, हे या उदाहरणात गृहीत धरलेलं असतं, छापलेलं नसतं. मी तिला उत्तराखाली आणखी एक ओळ आखून दिली: ‘हे किती मजुरांपर्यंत खरं?’ तिनं तिथे आकडा लिहिला नाही. ‘आत मावतील तेवढे, आणि वर बादल्या ओढायला लागतील तेवढे,’ असं लिहिलं. त्यालाही मी गुण दिले.