सुट्ट्या पैशांचं सोनं

आमच्या पेमेंट अ‍ॅपमध्ये नवं फीचर येणार होतं. भाजीचे ४७ रुपये दिले की ५० कापायचे आणि वरच्या ३ रुपयांचं डिजिटल सोनं घ्यायचं. टीमने नाव ठरवलं ‘गल्ला’. मलाही आवडलं होतं.

आईला स्क्रीन पाच सेकंद दाखवली, फोन उलटा ठेवला आणि विचारलं, काय होतं यात?

“पैसे साठतात. शंभर टाकले की शंभर निघतात.”

तिथेच घोळ होता. सोन्यावर ३ टक्के जीएसटी लागतो. शंभर टाकले की साधारण ९७ रुपयांचंच सोनं मिळतं, वर भाव पडू शकतो तो वेगळाच. गल्ल्यातले पैसे कधी कमी होतात का? नाव गोड होतं, पण खोटं बोलत होतं.

मग मी ‘सुट्ट्यांचं सोनं’ सुचवलं. आई म्हणाली, “दिवाळीच्या सुट्टीत घ्यायचं का?”

शेवटी ‘सुट्ट्या पैशांचं सोनं’. छोट्या फोनवर ते दोन ओळींत जातं. डिझायनर कुरकुरला, पण बटण उंच केलं.