फोटोत न दिसणारा मुरूम

रात्री साडेदहाच्या सुमारास एका ओळखीच्या ताईंनी व्हॉट्सॲपवर मुलाच्या चेहऱ्याचे तीन फोटो पाठवले. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. खाली मेसेज होता, "डॉक्टर, नाक बघा कसं झालंय. घासून घासून थकला."

पहिल्या फोटोत नाकावर बारीक काळे ठिपके होते. दुसऱ्यात गालावर लाल पुळ्या, त्यांतल्या तीन-चारांच्या टोकाला पिवळसर पू. तिसऱ्यात जबड्याची कड, थोडी लालसर, बाकी काही नाही. मी पुळ्यांसाठी एक मलम लिहून दिलं, घासायचं नाही असं सांगितलं आणि फोन ठेवला. तिसऱ्या फोटोकडे मी नीट पाहिलंच नाही.

पाच आठवड्यांनी तो दवाखान्यात आला. गालावरच्या पुळ्या कमी झाल्या होत्या. मी सहज विचारलं, "दुखतं का कुठे?" त्याने जबड्यावर हात ठेवला. त्या कुशीवर झोपता येत नाही, दाढी करताना डोळ्यांत पाणी येतं, म्हणाला. मी बोट फिरवलं तर कातडीखाली वाटाण्याएवढ्या चार टणक गाठी लागल्या. वरून फक्त लालसर फुगवटा होता. एका गाठीशेजारी खड्डा पडायला सुरुवातही झाली होती. फोटोत रंग दिसतो, खोली दिसत नाही, हे मला ठाऊक असूनही मी चुकलो होतो.

आता हे तीन प्रकार वेगळे कसे, ते सांगतो. आपल्या त्वचेवरच्या बारीक छिद्रांत तैलग्रंथी उघडतात. तेल आणि मृत पेशी मिळून छिद्राच्या तोंडाशी बूच बसतं. तोंड उघडं राहिलं तर बुचाचं टोक काळं पडतं. हा ब्लॅकहेड. तो काळा रंग मळाचा नसतो, त्यातल्या रंगद्रव्याचा असतो. म्हणून घासून तो जात नाही, उलट त्वचा सोलवटते. दिसायला हा सगळ्यात नकोसा वाटतो, पण सगळ्यात सौम्य प्रकार हाच.

बुचामागे सूज येऊन वरच्या थरात पू जमला की पिवळ्या टोकाची पुळी होते. ती उठून दिसते, बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत बसते. न फोडल्यास व्रण राहण्याची शक्यता कमी, काळसर डाग मात्र काही महिने टिकू शकतो.

तिसरा प्रकार गाठीचा. इथे छिद्राची भिंत आत खोलवर फुटते आणि तेल, पेशी आजूबाजूच्या थरात सांडतात. सूज तिथेच, खाली. त्यामुळे टोक येत नाही, दाबून काही निघत नाही, आणि गाठ कित्येक आठवडे राहते. बरी होताना खालचा थर आक्रसतो आणि खड्डा पडतो. हा खड्डा मलमाने भरत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची.

ओळखायचं कसं? हात धुऊन बोटाच्या टोकाने हलकेच चाचपा. पुळी वरच्या वर लागते. गाठ खोल, टणक आणि दुखरी लागते, साधारण अर्धा सेंटिमीटर किंवा मोठी. अशा गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील, किंवा नियमित उपचार करूनही बारा आठवड्यांत फरक नसेल, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मुलींमध्ये मुरमांसोबत पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर जाड केस येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. ब्लॅकहेड्स आणि थोड्या पुळ्यांचे उपचार तुमचे नेहमीचे डॉक्टर करू शकतात.

त्या मुलाला मी त्याच दिवशी चिठ्ठी दिली. तज्ज्ञांनी रक्त तपासून आयसोट्रेटिनॉइन सुरू केलं. हे औषध तैलग्रंथींचं काम कमी करतं. ओठ फार कोरडे पडतात, यकृत आणि रक्तातली चरबी तपासत राहावी लागते, आणि गर्भारपणात ते बाळाला गंभीर इजा करतं. म्हणून मित्राची उरलेली गोळी घेण्याचं हे औषध नव्हे. काही महिन्यांत गाठी बसल्या. दोन खड्डे मात्र राहिले.

तेव्हापासून कोणी फोटो पाठवला की मी आधी विचारतो, "फिल्टर बंद आहे ना?" मग खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो मागतो. आणि त्यासोबत दोन ओळी लिहायला सांगतो : दुखतं कुठे, आणि किती दिवसांपासून. दुखणारी जागा असली, तर उत्तर फोनवर देत नाही. देवनारच्या दवाखान्यात बोलावतो.