पोराचा रंग आणि ट्यूबलाइटचा रंग

फोटो एडिटिंगवर ज्याचं पोट आहे त्याने एडिटिंगला लगाम मागावा, हे चमत्कारिक वाटेल. पण लहान मुलांच्या फोटोंपुरता तो लगाम हवाच, आणि तो आई-बाप व शाळा या दोघांनीच घालायला हवा, असं माझं मत आहे. नवीन जालन्यात जूनमध्ये शाळांच्या ओळखपत्रांची कामं निघतात. दहावीचा निकाल लागला की क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात, आणि वाढदिवसांचे फ्लेक्स तर बारमाही. सदर बाजारातून एक फेरी मारून त्या चेहऱ्यांकडे नीट बघा. गुणवंतांच्या रांगेत सगळी मुलं एकाच रंगाची दिसतात. जालन्यात एवढी एकसारखी गोरी पोरं कुठून येतात, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांनाच माहीत असतं.

दुष्ट हेतूने हे कुणी करत नाही. शाळेतल्या ओळखपत्राचा फोटो कसा बिघडत जातो ते पाहिलं की कळतं. वर्गातल्या भिंतीपुढे, डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली मूल उभं करतात. उजेड वरून पडतो, म्हणून डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली सावली येते, शिवाय ट्यूबची हिरवट झाक चेहऱ्यावर उतरते. ऑपरेटर ती झाक घालवायला पांढऱ्या रंगाचा नमुना म्हणून गणवेशाच्या शर्टवर क्लिक करतो. इथेच घोळ होतो. आपल्याकडे पांढऱ्या शर्टाला नीळ देतात, वॉशिंग पावडरीतही कापड उजळ दाखवणारं द्रव्य असतं. म्हणजे शर्ट मुळातच किंचित निळा. त्या निळ्याला पांढरा ठरवलं की सगळा फोटो पिवळ्याकडे झुकतो आणि मुलाचा चेहरा आहे त्याहून पिवळट, मातकट दिसतो. मग ‘चेहरा डल आला’ म्हणून ऑपरेटर ऑरेंज ल्युमिनन्सची पट्टी उजवीकडे सरकवतो. माणसाच्या कातडीचा बहुतेक रंग नारिंगीच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे चेहरा लगेच उजळतो. हीच सेटिंग तो सगळ्या वर्गाला एका दमात लावतो. गोऱ्या मुलाला फारसा फरक पडत नाही, सावळ्या पोरीचा चेहरा मात्र बदलतो. गालाची, नाकाची गोलाई दाखवणारी छटा पुसली जाते आणि चेहरा सपाट होतो.

या चुकीवर इलाज चेहऱ्यात नाहीच. शर्टाऐवजी करड्या रंगाच्या कार्डावर क्लिक करायचं. मूल खिडकीकडे तोंड करून उभं करायचं. खालून थोडा उजेड परत यावा म्हणून मुलाच्या छातीच्या खाली एक पांढरा थर्माकोलचा तुकडा धरायचा. दहा मिनिटांची तयारी, की पट्टीला हात लावायची गरज उरत नाही. म्हणून मी सीमा इथे आखतो: प्रकाशाची चूक दुरुस्त करा, मुलाची ‘चूक’ दुरुस्त करू नका. मोठ्या माणसांच्या फोटोंसाठी रिटचिंगवाले एक ढोबळ नियम पाळतात की पंधरा दिवसांत आपोआप जाणारी गोष्ट काढावी, कायमची ठेवावी. मुलांसाठी तो सैल पडतो. पडलेल्या दुधाच्या दाताच्या जागी दात बसवून मागणारे पालक असतात. तो दात काही महिन्यांनी येणारच आहे, पण त्या वयाचा चेहरा तोच आहे. खरचटलेलं, सुजलेलंही पुसू नये. मुलासाठी कसोटी याहून कडक हवी: ओल्या रुमालाने पुसलं जाईल तेवढंच काढायचं. शेंबूड, खडूची पावडर, ओठाला लागलेली चटणी. चामखीळ, जन्मखूण, कानाची ठेवण, रंग यांना हात नाही.

यावर पहिला आक्षेप येतो की फोटोग्राफी कधी खरी होती? उजेड निवडणं हीसुद्धा लबाडीच. मान्य, पण खिडकीपाशी उभं केलेलं मूल खिडकीपाशी तसंच दिसतं. पट्टीने केलेलं मूल कुठल्याच उजेडात तसं दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आमच्या लेकराचा फोटो, पैसे आमचे, कुणाचं काय बिघडलं? इथे मला कायद्याचं एक विचित्र वळण दिसतं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकाची संमती सक्तीची केली आणि मुलाच्या हिताला बाधक वापर मना केला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण घरगुती, खासगी वापर या कायद्याच्या बाहेर आहे, आणि संमती देणारा पालकच इथे गोरेपणाची ऑर्डर देणारा असतो. ज्याचा चेहरा बदलतो त्याला कुणी विचारत नाही. म्हणून कायद्याची वाट न बघता घरातच हद्द ठरवावी लागते.

बिघडतं काय, याचाही पुरावा आहे. नेदरलँड्समध्ये १४ ते १८ वयाच्या १४४ मुलींना साध्या आणि बदललेल्या सेल्फी दाखवल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बदललेले फोटो पाहिलेल्या मुलींना आपलं शरीर कमी आवडू लागलं, आणि स्वतःची इतरांशी तुलना करण्याची सवय असलेल्यांत परिणाम जास्त दिसला. हा अभ्यास अनोळखी मुलींच्या फोटोंचा होता, स्वतःच्या नव्हे. तो जसाच्या तसा आपल्या पोरांना लावता येणार नाही, पण घरच्या भिंतीवर आई-बापांनीच गोरा करून टांगलेला स्वतःचा चेहरा याहून सौम्य असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. ‘हा फोटो बदललेला आहे’ अशी पट्टी लावून भागेल असं काहीजण म्हणतात. फ्रान्सने २०१७ पासून जाहिरातींतल्या मॉडेलचा आकार बदलला तर तशी पट्टी सक्तीची केली. पण आपलाच फोटो बदलावा लागला ही बातमी पट्टी पुसत नाही, उलट छापून देते.

शाळेच्या बाबतीत मी पालकांहून जास्त कडक आहे, कारण तिथे शाळेचा शिक्का असतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या बार्ट्रम ट्रेल हायस्कूलने २०२१ च्या वार्षिकांकात ८० मुलींच्या फोटोंत गळ्याशी कापडाचे ठिगळ जोडले. मुलांचे, अगदी पोहण्याच्या चड्डीतलेही फोटो तसेच राहिले. पालकांचा संताप झाल्यावर शाळेने अंकाचे पैसे परत करायची तयारी दाखवली. आपल्याकडे ठिगळ लावत नाहीत, रंग लावतात. शिवाय ओळखपत्राचा फोटो शोभेसाठी नसतो. मूल हरवलं तर घाईघाईत पोलिसांना द्यायला हाताशी तोच असतो, आणि त्यात जन्मखूण पुसलेली, रंग चार छटा उजळ केलेला असेल तर फाटकापाशी उभा असलेला हवालदार कुणाला शोधणार?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने स्वतःहून ‘मुरूम काढा’ म्हटलं तर? तिची अडचण मी थट्टेवारी नेत नाही. घरच्या प्रतीत ती मागेल तेवढा मुरूम काढावा, मूळ फाइल जपून ठेवावी, पण शाळेच्या कागदांवर आणि फ्लेक्सवर नाही. ‘अहो, नाही केलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल’ हे धंदेवाल्याचं रडगाणं खरंच आहे, म्हणून एकट्या स्टुडिओवर भार टाकून चालणार नाही. शाळेनेच ऑर्डरच्या कागदावर लिहावं: रंग, आकार, खुणा बदलायच्या नाहीत, मूळ फाइलींसह काम द्यायचं. मग पाच-सहा फोटो उघडून शिक्षकांनी फक्त चेहरा आणि कान, मान, हात यांचा रंग जुळतो का पाहावं. ऑपरेटरने नुसता चेहरा निवडून उजळ केला असेल तर कान मागे राहतात. सगळाच फोटो उजळला असेल तर मूळ फाइल शेजारी ठेवली की लगेच कळतं. चेहरा बारीक केला असेल तर मागच्या फळ्याची किंवा दाराच्या चौकटीची सरळ रेघ गालापाशी वाकलेली दिसते.