टाळाचा नाद कुठे गेला?

आमचे एकादशीचे भजन २०२० च्या टाळेबंदीत झूमवर गेले. त्या वर्षी पादुकाही एसटीने पंढरीला गेल्या, तिथे आमची काय कथा! पुढे मंदिर उघडले, पण पोटापाण्यासाठी दूर गेलेली मंडळी अजून झूमवरच बसतात. शिवाय गुडघ्यांनी हरलेल्या आमच्या काकू आहेतच.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या घरी टाळ धरले. दोन कडव्यांत चाल रेंगाळली आणि भजन बसले. आम्ही इंटरनेटला बोल लावला, पण कारण वेगळे होते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. झूमवर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशीर झाला, तरी तो टाळकरी ३४ मीटरवर उभा राहिल्यासारखा होतो. लांब दिंडीच्या शेवटी चाललेल्यांना हे ठाऊक आहे. प्रत्येक जण उशिरा आलेल्या ठोक्यासाठी थांबतो, म्हणून लय पडत जाते. महागडे कनेक्शन घेऊनही हा उशीर पुरता जात नाही.

म्हणून आता वीणा, मृदंग, टाळ फक्त मंदिरात वाजतात. बाकीचे आपला माइक बंद ठेवून सोबत म्हणतात. त्यांच्या कानी पडते ते सुरात आणि तालातच असते.

तरी काकूंचा फोन आला, “अरे, बुवा एकटेच गातायत. टाळ कुठं गेले?” टाळ तर कडकडून वाजत होते! झूमला माणसाचे बोलणे हवे असते. वीणेचा अखंड झंकार त्याला पंख्याची घरघर वाटते, टाळाचा नाद भांड्यांचा खडखडाट. तो दोन्ही पुसून टाकतो. संगणकावर झूमच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओत Original sound for musicians हा पर्याय निवडला आणि बैठक सुरू झाल्यावर तो पडद्यावरही चालू केला, तेव्हा वीणा परतली. तो चालू आहे ना, हे बैठकीगणिक पाहावे लागते. मंदिरातला स्पीकरही भजनापुरता बंद ठेवतो, नाहीतर बाहेरून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो.

पारख सोपी आहे. दुसरा फोन घेऊन बाहेर ओट्यावर जायचे, कानात इअरफोन घालायचा आणि टाळाचा एकच ठोका ऐकायचा. नाद लांबत विरला तर ठीक. नुसते ‘टक्’ झाले तर झूमने कात्री लावली. टाळकऱ्यांना माइकपासून सात-आठ फूट मागे बसवले, तेव्हा बुवांचे शब्दही मोकळे झाले.

एक गोष्ट मात्र साधत नाही. दूरच्यांनी धरलेले ध्रुपद बुवांना ऐकू येत नाही. टाळकऱ्यांच्या झिलीवर गाणाऱ्या माणसाला हे फार जड जाते. काकू म्हणाल्या, “मी म्हणते ते पोचतच नाही ना?” मला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून शेवटच्या गजराला आम्ही स्पीकर लावतो आणि सगळ्यांचे माइक उघडतो. ताल मोडतो, कुणाचा कुत्रा भुंकतो, कुणाचा कुकर शिट्टी देतो. त्यातच काकूंचा चिरका आवाज दोन मात्रा मागून येतो, आणि बुवा वीणा थांबवून तो ऐकतात.